आधी प्रश्न, मग ओळख

गिंडीची औद्योगिक वसाहत, तारामणीचं टायडेल पार्क आणि तिथून दक्षिणेला लांबलेला ओएमआर या साऱ्यांना जवळ पडतं म्हणून बाहेरून आलेली बरीच नोकरदार मुलंमुली वेलचेरीत खोली घेऊन राहतात. त्यात मराठीही असतात. पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या क्षेत्राची आतली माहिती हवी असली, तर मित्राचे वडील, मावसभावाचा साहेब, कॉलेजातले जुने सर असं कुणी ना कुणी निघतंच. फोन लावण्याआधी 'मी अमक्याचा मुलगा' एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. चेन्नईत ते वाक्य उपयोगाचं नाही. तिथे ज्या ज्येष्ठ माणसाकडून पंधरा मिनिटं हवी असतात, त्याने तुमचं गाव, कॉलेज, आडनाव यांतलं काहीच कधी ऐकलेलं नसतं. अशा वेळी बहुतेक जण आपली ओळख जास्तीत जास्त भारदस्त कशी दिसेल याच्या मागे लागतात. माझं म्हणणं उलट आहे. अनोळखी माणसाला ओळख पटते ती तुमच्या प्रश्नावरून. प्रश्न नेमका असेल तर बायोडेटा लागत नाही, आणि प्रश्नच नसेल तर बायोडेटा कितीही लांब असून उपयोग नाही.

नुसत्या तत्त्वाने हे पटणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण अशी मुलं खूप आहेत. सोलापूरकडची एक सिव्हिल इंजिनिअर मुलगी, तीन वर्षं इमारतींच्या डिझाइनच्या ऑफिसात, सध्या वेलचेरीत राहणारी. घरी असताना तिने दोनच प्रकारची जमीन पाहिली: वर काळी माती आणि खाली मुरूम, मग दख्खनचा काळा खडक. वेलचेरीला येऊन तिचा हा हिशेब मोडतो. एका अंगाला पल्लिकरणैची दलदल आणि तिच्या काठची मऊ, ओली चिकणमाती. दुसरीकडे थोड्याच अंतरावर, परंगीमलै आणि पल्लावरमच्या बाजूला, चार्नोकाइट हा कठीण खडक. इमारत आखताना ती रोज सॉइल रिपोर्टमधला एक आकडा उचलते आणि पुढे जाते. तो आकडा कुठून येतो, त्यावर किती विसंबायचं, हे तिला कळत नाही आणि आता ते टोचायला लागलं आहे. डिझाइन सोडून भू-तांत्रिक सल्लागाराच्या कामाकडे वळावं का, हा तिचा प्रश्न. गिंडी परिसरात अशा कामात तीस वर्षं घालवलेले एक सल्लागार आहेत, हे तिला कळलं आहे. त्यांची तिची ओळख शून्य.

अशा वेळी जे पत्र सहसा जातं, ते अनेकांनी पाहिलेलं असेल. सुरुवातीला तब्येतीची चौकशी, मग आपण किती मेहनती आहोत, मग या क्षेत्राची आपल्याला किती आवड आहे, आणि शेवटी 'आपलं मौलिक मार्गदर्शन मिळालं तर आभारी राहीन'. सोबत बायोडेटा जोडलेला. हे पत्र उद्धट मुळीच नाही. त्याचं दुखणं असं की, ते वाचणाऱ्यावर सगळं काम टाकतं. मार्गदर्शन कशाबद्दल? फोनवर की भेटून? किती वेळ? बायोडेटा जोडलाय म्हणजे नोकरी हवी आहे का? एवढं सगळं त्या माणसाने ठरवायचं आणि मग उत्तर लिहायचं. तो 'नंतर बघू' म्हणून पत्र बाजूला ठेवतो आणि ते नंतर कधी येत नाही. यात त्याला दोष देता येणार नाही. 'मार्गदर्शन' हा शब्द मागणाऱ्याला नम्र वाटतो, पण ज्याच्याकडे मागायचं त्याला तो एक मोठं, कडा नसलेलं ओझं वाटतो.

आता दुसरं पत्र. विषयाच्या ओळीतच सगळं यावं: 'डिझाइनमधून भू-तांत्रिक कामाकडे वळण्याबद्दल एक प्रश्न, फोनवर १५ मिनिटं'. आत मजकूर साधारण असा, अर्थात तिथे तो इंग्रजीत जाईल: 'मी तीन वर्षं इमारतींच्या डिझाइनमध्ये आहे आणि वेलचेरीत राहते. पल्लिकरणैच्या काठच्या मातीवर तुम्ही दिलेलं व्याख्यान मी ऐकलं. भू-तांत्रिक कामाकडे वळावं असं वाटतं, पण एक गोष्ट कुठे वाचायला मिळाली नाही. डिझाइनमधून आलेल्या माणसाने पहिली दोन वर्षं बोअरिंगच्या साइटवर घालवावीत, प्रयोगशाळेत, की रिपोर्ट लिहिण्यात? कुठे घालवली नाहीत तर पुढे कायम अडतं? येत्या दोन आठवड्यांत कोणत्याही दिवशी सकाळी दहाच्या आत मी फोन करू शकते. माझ्या हातातल्या कोणत्याही प्रकल्पाबद्दल मत मागत नाही, आणि नोकरीसाठीही लिहीत नाही. जमणार नसेल तर एका ओळीचं उत्तरही पुरेसं आहे.' संपलं. बायोडेटा नाही.

यातल्या दोन वाक्यांवर थोडं थांबतो, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. पहिलं, प्रश्नाचं. तो प्रश्न निवडताना दोन चाळण्या लावल्या आहेत. उत्तर छापील मिळत असेल तर प्रश्न बाद. पाइलची वहनक्षमता कशी काढायची हे आयएस २९११ या मानकात आहे; ते विचारलं तर समोरच्याला एवढंच कळतं की मुलीने मानक उघडलेलं नाही. आणि उत्तर द्यायला त्याला कागद काढावे लागत असतील, तरीही बाद. पहिली दोन वर्षं कुठे घालवावीत, हे तीस वर्षं काम केलेला माणूस चहा पितापिता सांगू शकतो, आणि ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. साइटवर काय घडतं ते त्याने पाहिलेलं असतं. प्रमाण भेदन चाचणीत ६३.५ किलोचं वजन ७५ सेंटीमीटरवरून पडू द्यायचं आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं, हे पुस्तकात आहे. दोर पुरता सैल न सोडल्यामुळे वजन कमी जोराने पडतं, संध्याकाळी उशीर झाला की मोजणी अंदाजाने उतरते, अगदी मऊ चिकणमातीत तो आकडा मुळातच फार काही सांगत नाही आणि तिथे व्हेन शिअरची चाचणी आग्रहाने मागून घ्यावी लागते, हे अनुभवाचं. हवी आहे ती माहिती या दुसऱ्या जातीची.

दुसरं वाक्य, प्रकल्पाबद्दल मत मागत नाही हे. सल्लागाराच्या धंद्यात मत हाच माल असतो. चालू कामाचा सॉइल रिपोर्ट पुढे करून 'सर, एवढं जरा बघता का' म्हणणं म्हणजे फुकट सल्ला मागणं, आणि त्याहून वाईट, त्याच्या गळ्यात जबाबदारी अडकवणं. बोअरहोल न पाहता फोनवर सांगितलेल्या शब्दावर कुणी पाया उतरवला, तर उद्या नाव त्याचं निघेल. म्हणून जाणकार माणूस असा फोन लगेच आवरता घेतो. वकील, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या कामाविषयी विचारावं; आपलं काम त्यांच्याकडून करून घेऊ नये. ही रेघ पत्रातच आखली, तर समोरचा निर्धास्तपणे बोलतो.

चेन्नईपुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मराठी माणूस तिथे हमखास अडखळतो. आपल्याकडे आडनाव लावून 'कुलकर्णी सर' म्हणतात. तमिळ माणसाच्या पाटीवर 'एस. वेंकटेशन' लिहिलेलं असेल, तर त्यातलं 'एस.' बहुधा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं आणि वेंकटेशन हे त्यांचं स्वतःचं नाव. तेव्हा 'वेंकटेशन सर' हेच बरोबर; आडनाव शोधत बसू नये. वेळेचंही तसंच. पोंगलच्या आठवड्यात लिहू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या मिचाँग वादळात वेलचेरी पाण्याखाली होती, आणि अशा दिवसांत मातीपाण्याचं काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या बदलाबद्दल विचारणं बरं दिसत नाही.

आता दूरचा, पण याच शहरातला पुरावा. रामानुजनने १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डींना लिहिलेलं पत्र सगळ्यांना माहीत असतं. अनोळखी ज्येष्ठाला लिहिलेलं याहून प्रसिद्ध पत्र आपल्या देशात नसेल. सांगणारे ते चमत्कार म्हणून सांगतात. मला त्याची घडण महत्त्वाची वाटते. आपण पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहोत, विद्यापीठाचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही, एवढं थोडक्यात सांगून तो थेट गणिताकडे वळतो. सोबत शंभरावर सूत्रं. ती टेबलापाशी बसून, लेखकाला न भेटता, तपासून पाहता येत होती. हार्डींनी ती तपासली आणि ८ फेब्रुवारीला उत्तर धाडलं. पण त्याआधी त्याने केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन यांनाही लिहिलं होतं, आणि त्यांच्याकडून काही निष्पन्न झालं नव्हतं. लंडनच्या हिल यांच्याकडे त्याचं काम मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ग्रिफिथ यांनी पाठवलं. हिल यांनी चुका दाखवल्या आणि अनंत श्रेढींवरचं ब्रॉमविचचं पुस्तक वाचायला सांगितलं. म्हणजे रामानुजनच्या पातळीचा मजकूर हातात असूनही कुणी मदत केली नाही, कुणी अर्धी केली, आणि एकाने सगळं बाजूला ठेवून वाचलं. पत्राला उत्तर आलं नाही म्हणजे पत्र वाईट होतं, असा निष्कर्ष काढणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवावा.

त्याहून उपयोगी आहे ते १९१० सालचं, कमी सांगितलं जाणारं प्रकरण. रामानुजन वह्या घेऊन तिरुक्कोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. ते डेप्युटी कलेक्टर, आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. त्याने मागितली ती महसूल खात्यातली किरकोळ कारकुनी. ती त्यांनी दिली नाही. अशा माणसाला खालच्या पायरीवर गाडून टाकायची त्यांची इच्छा नव्हती. वह्या चाळून त्यांनी त्याला ओळखीचं पत्र देऊन मद्रासला शेषू अय्यर यांच्याकडे पाठवलं, आणि तिथून वाट नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत गेली, ज्यांनी पुढे काही काळ त्याचा महिन्याचा खर्च उचलला. मागितलेली नोकरी मिळाली नाही. दाखवलेल्या कामामुळे पुढचं नाव मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच भेटीत घडल्या, म्हणून हा पुरावा मला वजनदार वाटतो.

यावर पहिला आक्षेप आपल्या संस्कारातून येतो. हा वशिलाच नव्हे का? कुणाच्या दारी न जाता स्वतःच्या बळावर मिळवावं, असं आपल्याकडे घराघरांत शिकवतात, आणि ती शिकवण चांगली आहे. पण वशिल्यात समोरच्याचा अधिकार वापरला जातो, इथे त्याचा अनुभव. वशिला लावला की कुणातरी तिसऱ्याची संधी जाते; बोअरिंगच्या साइटवर दोन वर्षं घालवावीत की नाही हे कळल्याने कुणाचं काही जात नाही. खोट येते ती मनात नोकरी ठेवून तोंडाने माहिती मागण्यात, आणि ती ज्येष्ठांना पहिल्या दोन मिनिटांत कळते. प्रश्नाचं उत्तर ऐकून घेण्याची घाई दिसते, शेवटी 'तुमच्याकडे काही जागा?' येतंच. नोकरी हवी असेल तर सरळ नोकरीसाठी अर्ज करावा. त्यातही कमीपणा काही नाही, फक्त ते पत्र वेगळं.

आणि ओळखीपाळखीची खरी ताकद कशात असते याचा एक जुना अभ्यास आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन या गावात नव्याने नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं की, ज्याच्याकडून जागेची बातमी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे. १९७३ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे: वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के, अधूनमधून भेटणारे सुमारे ५६, आणि वर्षातून एखाद वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणारे २८. कारण सोपं आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. मराठी मंडळींच्या गटात वेलचेरीतलं भाडं, गणपतीचा मंडप, मुंबईच्या गाडीचं आरक्षण यांची माहिती भरपूर मिळेल आणि ती लागतेही, पण गिंडीतल्या भू-तांत्रिक ऑफिसात काय चालतं ते तिथे कळणार नाही. ग्रॅनोव्हेटर यांचा नमुना लहान होता आणि त्यातली माणसं एकमेकांना थोडी तरी ओळखत होती, पूर्ण अनोळखी नव्हती, हे मान्य करायला हवं. म्हणून तो अभ्यास एवढंच सिद्ध करतो की बातमी वर्तुळाबाहेरून येते. बाहेर पहिलं पाऊल कसं टाकायचं, हे तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो? इथे आपला अंदाज नेमका कुठे चुकतो ते फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत दिसलं. अनोळखी लोकांना छोटी मदत मागायला निघालेल्यांनी होकार किती मिळतील याचा जो अंदाज आधी केला, त्यापेक्षा प्रत्यक्ष होकार पुष्कळ जास्त मिळाले. मागणारा समोरच्याला होणारा त्रास मोजतो. समोरासमोर नाही म्हणायला त्याला किती जड जातं, ते मोजत नाही. पण हा आकडा पत्रावर जसाच्या तसा लावू नये. बोन्स (म्हणजे याच लेक, नंतरच्या नावाने) आणि रोघनिझाद यांच्या २०१७ सालच्या प्रयोगात तीच विनंती ईमेलने पाठवली तेव्हा प्रत्यक्ष विचारण्याच्या तुलनेत ती कितीतरी पट निष्प्रभ ठरली. प्रत्यक्ष विचारणं ३४ पट परिणामकारक निघालं. पाठवणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे सारखाच प्रतिसाद मिळेल असं वाटत होतं. नुसत्या ईमेलवर विसंबणाऱ्यांनी निराश होण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

मग थेट ऑफिसात जाऊन उभं राहावं का? नाही. अवचित दारात उभं राहून कुणाला होकार द्यायला भाग पाडणं मला पटत नाही. त्या प्रयोगातला होकार थोडासा भिडेचाही होता, आणि भिडेपोटी दिलेल्या पंधरा मिनिटांत माणूस मनापासून बोलत नाही. मधली वाट चेन्नईत सहज उपलब्ध आहे. इंडियन जिओटेक्निकल सोसायटीची चेन्नई शाखा व्याख्यानं ठेवते, आणि अण्णा विद्यापीठ व आयआयटी मद्रास दोन्ही वेलचेरीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. व्याख्यान संपल्यावर लोक वक्त्याभोवती जमतात. तिथे प्रश्न विचारायचा नसतो. नाव सांगून 'या विषयावर आपल्याला एक छोटं पत्र लिहिलं तर चालेल का' एवढंच विचारायचं. चेहरा दिसला, नकार द्यायला जागाही राहिली, आणि त्याच रात्री गेलेलं पत्र पूर्ण अनोळखी राहत नाही. वरच्या मजकुरातलं व्याख्यानाचं वाक्य त्यासाठी आहे, आणि व्याख्यान खरंच ऐकलं असेल तरच ते लिहायचं.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण द्यावी, आणि मग विषय सोडावा. तिसरं पत्र गेलं की विनंतीचा तगादा होतो. फोन ठरला तर ठरल्या मिनिटाला आपण करायचा, आपल्याबद्दल तीन वाक्यांत आवरायचं, आणि चौदाव्या मिनिटाला आपणच 'वेळ होत आली' म्हणायचं. ते पुढे बोलायला तयार असतील तर तसं सांगतील. शेवटचा प्रश्न आधीच ठरवून ठेवावा: 'यातली दुसरी बाजू समजायला मी आणखी कुणाशी बोलू?' रामस्वामी अय्यरांनी मागितल्याशिवाय जे दिलं, ते इथे मागून घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र, आणि काही महिन्यांनी आणखी एक: सांगितलेलं काय केलं, त्यातून काय निघालं. हे दुसरं पत्र फार थोडे लिहितात, आणि बोललेल्याचं पुढे काय झालं हे ज्येष्ठ माणसाला एरवी कधीच कळत नाही.

आणि एका माणसाचं बोलणं हे एका माणसाचंच असतं, हे त्या मुलीने विसरू नये. सल्लागार म्हणेल, साइटवर जा. त्याची स्वतःची सुरुवात तशी झालेली असेल. प्रयोगशाळा चालवणारा दुसरंच सांगेल. पाइलिंगच्या ठेकेदाराकडचा इंजिनिअर सांगेल की, रिपोर्टमधली माती आणि खोदताना निघालेली माती यांत फरक पडला की पहिला फोन कुणाला जातो आणि भांडण कशावरून होतं. तिघांशी बोलून झालं की बोअरिंगच्या मशीनवर दिवसभर उभा राहणारा सुपरवायझर उरतो, जो ते ठोके प्रत्यक्ष मोजतो. त्याच्यासाठी ईमेल लागत नाही. दुपारी मशीन थांबल्यावर मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारता येतं, आणि मऊ मातीत नमुना नळीतून गळून पडला तर तो वहीत काय लिहितो, हे त्या तिघांपेक्षा तोच खरं सांगेल.